पॅरासिटामॉल गोळीचा यूव्ही ॲसे: अल्कली दोनदा का घालायची

एप्रिलमधली दुपार. आमच्या लातूरच्या फार्मसी कॉलेजात मुलांचं ॲसेचं प्रॅक्टिकल चालू होतं, म्हणजे गोळीत लेबलवरच्या प्रमाणाच्या किती टक्के औषध आहे ते मोजणं. सगळ्यांना एकाच बॅचच्या ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉल गोळ्या दिल्या होत्या आणि एकेकाचं उत्तर ९८ टक्क्यांच्या आसपास येत होतं. तेवढ्यात एक मुलगी वही घेऊन आली. "मॅडम, माझं ९३.३ आलंय. तीनदा कॅल्क्युलेशन केलं, तेवढंच येतंय."

गणितात चूक नव्हती, वजनाची नोंदही बरोबर होती. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटच्या फ्लास्कपाशी ती म्हणाली, "दहा एमएल सोल्यूशन घेतलं आणि पाण्यानं मार्कपर्यंत केलं." आणि अल्कली? "ती सुरुवातीलाच घातली की मॅडम, ५० एमएल. परत कशाला घालायची?"

प्रश्न रास्त होता. प्रॅक्टिकलच्या वहीत "१० मिलि सोडियम हायड्रॉक्साइड घाला" एवढंच छापलेलं असतं, कशासाठी ते नसतं. कारण माहीत नसलं की घाईत ती ओळ नजरेतून निसटते. इंडियन फार्माकोपियाप्रमाणे या गोळीत लेबलवरच्या प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असायला हवं. म्हणजे कॉलेजऐवजी कंपनीची लॅब असती, तर तिच्या एका विसरलेल्या पिपेटमुळे चांगली बॅच नापास झाली असती. म्हणून ही पद्धत पायरीपायरीनं सांगते, आणि जिथं गाडी अडते तिथं थोडी जास्त थांबते.

आधी कल्पना स्पष्ट करून घेऊ

पॅरासिटामॉलचा रेणू यूव्ही प्रकाश शोषतो. किती शोषला जातो हे द्रावणात औषध किती आहे यावर अवलंबून असतं, म्हणून शोषण मोजलं की औषध किती ते कळतं. पण हा रेणू दोन रूपांत वावरतो. त्याच्या बेंझिन कड्यावर एक फिनॉलचा ओएच गट आहे. साध्या पाण्यात किंवा आम्लात तो गट तसाच राहतो आणि शोषणाचं शिखर २४३ ते २४५ नॅनोमीटरच्या आसपास दिसतं. अल्कलीत त्या गटातला हायड्रोजन निघून जातो, रेणूवर ऋण भार येतो, आणि शिखर उजवीकडे सरकून २५७ वर जातं. आपण २५७ वर मोजतो, म्हणजे आपल्याला हे दुसरं रूप हवंय, आणि तेही जवळजवळ शंभर टक्के.

फार्माकोपियानं त्यासाठी एक आकडा दिलेला आहे: ७१५. १०० मिलि द्रावणात १ ग्रॅम औषध असतं, तर १ सेंटिमीटर रुंदीच्या क्युवेटमध्ये, म्हणजे द्रावण मोजायच्या चौकोनी नळीत, २५७ वर ॲब्सॉर्बन्स, म्हणजे शोषणाचा आकडा, ७१५ आली असती, असा त्याचा अर्थ. एवढं घट्ट द्रावण कुणी मोजत नाही, तो फक्त हिशेबाचा आकडा आहे. मात्र तो अल्कलीतल्या रूपाचा आहे. रेणू अर्धवट बदललेले असतील तर ७१५ त्यांना लागू पडत नाही.

गोळ्या, कूट आणि वजन

२० गोळ्या एकत्र तोला आणि वजन लिहून घ्या. कुटण्याआधीच तोला, कारण खलाला थोडं पीठ चिकटणारच आणि सरासरीत ती घट यायला नको. आमच्या त्या दिवशीच्या २० गोळ्यांचं वजन ११.६४० ग्रॅम भरलं, म्हणजे सरासरी ०.५८२० ग्रॅम. ५०० मिलिग्रॅम औषध आणि वरचं ८२ मिलिग्रॅम स्टार्च, टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेट असल्या भरीच्या जिनसा.

आता खलात कुटा. बोटांच्या चिमटीत घेतल्यावर खर लागत नाही इतकं बारीक व्हायला हवं. कडेला चिकटलेलं स्पॅच्युलानं खरवडून मधे घ्या आणि पुन्हा घोटा. जाड कण राहिले तर दोन गोष्टी बिघडतात: पुढं तोलून घ्याल त्या पिठात औषध आणि भर यांचं प्रमाण गोळीसारखं राहत नाही, आणि कणाच्या पोटातलं औषध वेळेत बाहेर येत नाही.

आपल्याला साधारण १५० मिलिग्रॅम औषध असलेलं पीठ हवंय. ५८२ मिलिग्रॅम पिठात ५०० औषध, तर १५० साठी १७४.६ मिलिग्रॅम पीठ. नेमकं तेवढंच घेण्याचा हट्ट धरू नका. १७० ते १८० मधे कुठंही चालेल, फक्त जे घेतलं ते ग्रॅममध्ये चौथ्या दशांशापर्यंत लिहून ठेवा. बटर पेपरवर पीठ तोला, फ्लास्कमध्ये सोडा, मग रिकामा कागद परत तोला. दोन वजनांतला फरक हेच खरं वजन, कारण कागदाला नेहमीच काहीतरी चिकटून राहतं.

उन्हाळ्यात इथं एक अडचण हमखास येते. लॅबमध्ये ३८-४० डिग्री असतं आणि डोक्यावर पंखा गरगरत असतो. चार दशांशांच्या तराजूचा शेवटचा आकडा त्या वाऱ्यानं नाचत राहतो, आणि मुलं कंटाळून मधलाच एखादा आकडा टिपतात. तोलायच्या दोन मिनिटांपुरता पंखा बंद करा, तराजूची काच लावा, आकडा स्थिरावू द्या. १७५ मिलिग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम चुकला तर उत्तर अर्ध्या टक्क्याहून जास्त हलतं, आणि पुढच्या कुठल्याही पायरीनं ती चूक भरून निघत नाही.

औषध पाण्यात उतरवणं

पीठ २०० मिलिच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घ्या. त्यात ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिलि घाला, मग १०० मिलि पाणी. ही दोन्ही मापं मेजरिंग सिलिंडरनं घेतली तरी चालतात. इथं अचूकता हवी ती शेवटच्या २०० च्या मार्कला, मधल्या भरतीला नाही. कुठं पिपेट लागते आणि कुठं सिलिंडर पुरतो हे कळलं की अर्धा ताण कमी होतो.

मग १५ मिनिटं हलवा, आणि घड्याळ लावून हलवा. गरगर फिरवल्यानं तळाला पीठ बसून राहतं, म्हणून मधे मधे फ्लास्क उलटासुलटा करत राहा. औषध अल्कलीत पटकन विरघळतं. तळाशी जी पांढरट, ढगाळ गाद उरते ती भरीची असते आणि ती विरघळणारच नाही. ती विरघळावी म्हणून फ्लास्क गरम करण्याचा मोह टाळा. उष्णता आणि अल्कली एकत्र आली की पॅरासिटामॉल फुटून पॅरा-अमिनोफिनॉल तयार होतं, आणि ते हवेत तपकिरी पडतं. फ्लास्कमध्ये तपकिरी छटा दिसली तर ते द्रावण पुढं नेण्यात अर्थ नाही.

हलवून झाल्यावर फेस बसू द्या. फेसाखाली मेनिस्कस दिसत नाही आणि मार्क अंदाजे होतो. फेस बसला की पाण्यानं २०० चा मार्क गाठा आणि चांगलं मिसळा. त्यानंतर गाळा. आधी मार्क, मग गाळणं, हा क्रम उलटा करू नका. आपण पुढं यातला मोजका भागच घेणार आहोत, त्यामुळे सगळं गाळून घेण्याची किंवा गाळणकागद धुण्याची गरज नसते. कागद आणि फनेल मात्र कोरडे हवेत, आणि गाळलेलं पहिलं १०-१५ मिलि टाकून द्यायचं. सुरुवातीला कागद थोडं औषध शोषून घेतो, आणि बारीक गाळही त्याच थेंबांबरोबर खाली येतो.

दोन डायल्यूशन, आणि दुसरी अल्कली

आता आपल्या हातात मिलिलिटरला सुमारे ०.७५ मिलिग्रॅम औषध असलेलं द्रावण आहे. हे थेट मोजलं तर शोषण मोजणाऱ्या उपकरणाच्या, म्हणजे यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या, आवाक्याबाहेर जाईल. म्हणून गाळलेलं १० मिलि बल्ब पिपेटनं घेऊन १०० मिलिच्या फ्लास्कमध्ये पाण्यानं मार्क करा. हा पहिला टप्पा. यातून पुन्हा १० मिलि दुसऱ्या १०० च्या फ्लास्कमध्ये घ्या, त्यात ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड १० मिलि घाला, मग पाण्यानं मार्क करा. शेवटी मिलिलिटरला ७.५ मायक्रोग्रॅम उरतं, आणि त्याची ॲब्सॉर्बन्स ०.५४ च्या जवळ येते. उपकरण सगळ्यात विश्वासानं वाचतं तोच हा पट्टा.

आता त्या मुलीचा प्रश्न. पॅरासिटामॉलचा रेणुभार १५१.२, म्हणजे १५० मिलिग्रॅम म्हणजे जवळजवळ १ मिलिमोल. ०.१ मोलार अल्कलीच्या ५० मिलित ५ मिलिमोल असतात. त्यातला एक औषधाचं रूप बदलण्यात खर्च होतो आणि चार उरतात. २०० मिलित चार म्हणजे ०.०२ मोलार. इथवर अल्कली भरपूर आहे.

पण नंतर आपण दहापट आणि पुन्हा दहापट, असं शंभरपट पाणी वाढवतो. औषध पातळ होतं तशी अल्कलीही पातळ होते आणि ०.०००२ मोलारवर येते. पीएच राहतो साधारण १०.३. पॅरासिटामॉलचा पीकेए सुमारे ९.५ आहे, म्हणजे ९.५ पीएचला निम्मे रेणू या रूपात आणि निम्मे त्या. १०.३ ला हिशेब केला तर सातातले सहाच रेणू अल्कलीच्या रूपात असतात. सातवा आपल्या जुन्या रूपात परत गेलेला असतो आणि त्याचं २५७ वरचं शोषण कमी असतं. वर डिस्टिल्ड वॉटरमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो. एवढ्या पातळ अल्कलीला तोही कुरतडतो, आणि पीएच अजून उतरतो.

शेवटच्या फ्लास्कमध्ये १० मिलि अल्कली घातली की ती ०.०१ मोलार होते आणि पीएच १२ जवळ जातो. मग तीनशेत जेमतेम एक रेणू जुन्या रूपात उरतो, आणि ७१५ हा आकडा खऱ्या अर्थानं लागू होतो. तेव्हा पहिली अल्कली औषध चटकन विरघळावं म्हणून, आणि दुसरी मोजताना ते योग्य रूपात असावं म्हणून. दोघींची कामं वेगळी आहेत.

चूक झालीय की नाही हे उत्तर निघण्याआधीही कळतं. फक्त २५७ वर एक आकडा घेऊन थांबू नका. २२० ते ३५० असा पूर्ण स्कॅन काढा. त्या मुलीच्या स्कॅनमध्ये शिखर २५७ पासून दोन-तीन नॅनोमीटर डावीकडे सरकलेलं होतं आणि डावा उतार फुगीर दिसत होता. दोन रूपांची भेसळ झाली की आलेख असाच दिसतो.

बरं, तिनं मधला फ्लास्क धुतलेला नव्हता. त्यातून नवीन १० मिलि घेऊन, अल्कली घालून, पुन्हा मोजलं. पाच मिनिटांचं काम. म्हणून माझा नियम आहे की आकडेमोड पूर्ण होऊन उत्तर पटेपर्यंत एकही फ्लास्क सिंकमध्ये ओतायचा नाही. मात्र अल्कलीतलं औषध हळूहळू का होईना फुटतच असतं, म्हणून ही दुरुस्ती त्याच दुपारची, दुसऱ्या दिवशीची नाही.

आपल्याकडचं पाणी

मराठवाड्यात या चाचणीला पाण्याचं दुखणं वेगळं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांना आठवत असेल. तशी वेळ रोज येत नाही, पण डिस्टिलेशनच्या यंत्राला थंडाव्यासाठी सतत वाहतं पाणी लागतं आणि एप्रिल-मेमध्ये ते बंद ठेवावं लागतं. मग डिस्टिल्ड वॉटरचे कॅन येतात, किंवा कुणीतरी बोअरचं पाणी साध्या फिल्टरमधून काढून कॅनमध्ये भरून ठेवतं.

बोअरचं पाणी आमच्याकडे जड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, आणि अल्कली पडली की त्यांचा पांढुरका गढूळपणा तयार होतो. डोळ्याला दिसेल न दिसेल इतकाच. पण गढूळ द्रावण प्रकाश विखुरतं, आणि उपकरणाला शोषलेला आणि विखुरलेला प्रकाश यातला फरक कळत नाही. ॲब्सॉर्बन्स फुगते आणि औषध आहे त्याहून जास्त दिसतं. ब्लँकमध्ये, म्हणजे शून्य लावायच्या औषधाविनाच्या द्रावणातही, तेच पाणी आहे म्हणजे दोन्हीकडचं फिटलं, असं समजू नका. गढूळपणा प्रत्येक फ्लास्कमध्ये सारखा बसत नाही.

नवा कॅन फोडला की मी आधी एक साधी परीक्षा घेते. १० मिलि अल्कली १०० मिलिपर्यंत त्या पाण्यानं करायची, अर्धा तास ठेवायची, आणि काळ्या कागदासमोर उजेडात धरून बघायची. धूसर दिसली तर तो कॅन या प्रॅक्टिकलला नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. यंत्रातून नुकतंच निघालेलं किंवा कार्बन डायऑक्साइड घालवायला उकळलेलं पाणी नीट निवू द्या. ४५ डिग्रीच्या पाण्यानं मार्क केला आणि नंतर द्रावण ३० डिग्रीला आलं, तर ते सुमारे अर्धा टक्का आकसतं. तीन फ्लास्कमध्ये असं कमीजास्त झालं की चूक कुठं आहे ते शोधता येत नाही. खोली गरम असल्यानं फारसं बिघडत नाही. सगळं एकाच तापमानाला असलं म्हणजे झालं.

मोजणी

दिवा ड्युटेरियमचा, आणि तो अर्धा तास आधी लावून ठेवा. क्युवेट क्वार्ट्झची, १ सेंटिमीटरची. काचेची क्युवेट २५७ ला प्रकाश स्वतःच पिऊन टाकते. दिसायला दोन्ही सारख्या असतात, त्यामुळे ड्रॉवरमध्ये मिसळून जातात. शंका आली तर रिकामी क्युवेट हवेच्या तुलनेत २५७ वर बघा. काचेची असेल तर आकडा एकदम वर जातो.

ब्लँक म्हणजे १० मिलि ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यानं १०० केलेलं. नुसतं पाणी नव्हे. नमुन्याच्या द्रावणानं क्युवेट दोन-तीनदा विसळा, गुळगुळीत बाजू मऊ टिश्यूनं टिपा, पुसू नका. क्युवेटच्या खुणेची बाजू दर वेळी एकाच दिशेला ठेवा. आकडा लिहून झाला की ब्लँक परत ठेवून बघा. तो शून्यावरून दोन-तीन हजारांशानं हलला असेल तर सोडून द्या, त्याहून जास्त असेल तर मधे काहीतरी सरकलंय. आमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं तेव्हा हे रोजचं आहे. यूपीएस नसेल तर निदान ब्लँक परत बघण्याची सवय लावून घ्या.

७१५ वर विसंबणं म्हणजे उपकरणाच्या खरेपणावर विसंबणं. सोबत स्टँडर्ड चालवलं नाही तर उपकरणाची चूक थेट उत्तरात येते. इथं एक सोय आहे: पोटॅशियम डायक्रोमेटनं उपकरण तपासतात तेव्हाच्या ठरलेल्या लहरींपैकी एक नेमकी २५७ आहे. १ लिटर ०.००५ मोलार सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ६० मिलिग्रॅम वाळवलेलं डायक्रोमेट घेतलं, तर २५७ वर ॲब्सॉर्बन्स ०.८६ च्या आसपास यायला हवी. ती तीन टक्क्यांनी कमी येत असेल तर तुमच्या गोळ्याही तीन टक्क्यांनी कमीच दिसणार. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून मिळणारं पॅरासिटामॉलचं रेफरन्स स्टँडर्ड परवडत असेल, तर तेही त्याच पायऱ्यांनी सोबत चालवावं. नमुना आणि स्टँडर्ड एकाच उपकरणावर वाचले की उपकरणाची खोट दोन्हीकडे सारखी पडते आणि भागाकारात निघून जाते.

एक हिशेब पूर्ण करून

त्या बॅचमधल्या एका जोडीनं पीठ घेतलं ०.१७५२ ग्रॅम आणि ॲब्सॉर्बन्स आली ०.५२९.

शेवटच्या द्रावणात १०० मिलिमागे औषध किती, तर ॲब्सॉर्बन्स भागिले ७१५. ते दोनदा दहापट पातळ केलेलं, म्हणून शंभरनं गुणायचं. आणि मूळ द्रावण १०० नाही तर २०० मिलि होतं, म्हणून आणखी दोननं. सगळं मिळून २००.

```
तोललेल्या पिठातलं औषध = ०.५२९ × २०० ÷ ७१५ = ०.१४८० ग्रॅम
एका गोळीतलं औषध = ०.१४८० × ०.५८२० ÷ ०.१७५२ = ०.४९१६ ग्रॅम
टक्के = ०.४९१६ ÷ ०.५०० × १०० = ९८.३
```

त्यांनी दुसरं वजन घेतलं ०.१७६० ग्रॅम, ॲब्सॉर्बन्स ०.५३३. तसंच केलं तर ४९३ मिलिग्रॅम, म्हणजे ९८.६ टक्के. दोन उत्तरांत जेमतेम पाव-अर्ध्या टक्क्याचा फरक, हे ठीक. एकच वजन करून उत्तर देऊ नका. दुसरं नसेल तर पहिलं फसलंय का ते कळायला काही मार्गच उरत नाही.

आणि त्या मुलीचं? पीठ ०.१७४१ ग्रॅम. दुसरी अल्कली न घालता ॲब्सॉर्बन्स ०.४९९, त्यावरून ९३.३ टक्के. मधल्या फ्लास्कमधून नव्यानं केलं तेव्हा ०.५२५, आणि उत्तर ९८.२. तिनं दोन्ही स्कॅन वहीत एकाखाली एक चिकटवले. त्या पानाची झेरॉक्स आता माझ्याकडे असते.

उत्तर जास्त आलं तर

कमी येण्यापेक्षा जास्त येणं धोक्याचं, कारण ते पासच्या पट्ट्यात बसलं की कुणी खोलात जात नाही. वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी नवीन ॲनालिस्ट असताना माझा एक ॲसे १०३.९ आला होता. मर्यादेत होता, पण आधीच्या सगळ्या बॅच ९९ च्या पुढं-मागं. आमच्या सिनिअर मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "३५० ला किती वाचतंय?" मी बघितलंच नव्हतं. बघितलं तर ०.०२ होतं.

पॅरासिटामॉल ३५० नॅनोमीटरला काहीच शोषत नाही. स्वच्छ द्रावणात तिथं शून्य हवं. तिथं आकडा दिसतोय म्हणजे द्रावणात तरंगणारे कण आहेत, आणि लहर जितकी आखूड तितकं विखुरणं जास्त, म्हणून २५७ ला त्यांचा हातभार ०.०२ पेक्षाही मोठा. माझ्या गाळणकागदाच्या टोकाला बारीक चीर होती आणि सुरुवातीचं गाळलेलंही मी टाकलं नव्हतं. नव्या कागदातून गाळून पुन्हा केल्यावर ९९.४ आलं. तेव्हापासून २५७ च्या आकड्याशेजारी ३५० चा आकडा लिहिल्याशिवाय मी वहीवर सही करत नाही.

ही पद्धत कुठं लावू नये

बाजारात पॅरासिटामॉलबरोबर दुसरं औषध असलेल्या गोळ्या ढिगानं आहेत: ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, कॅफिन. यातलं प्रत्येक २५७ च्या आसपास कमीजास्त शोषतं, आणि उपकरण सगळ्यांची बेरीज दाखवतं. तिथं हा हिशेब लावला तर आकडा येईल, पण तो पॅरासिटामॉलचा नसेल. रंगीत गोळीतही तेच, रंगद्रव्यं यूव्हीत शोषतात. अशा ठिकाणी एचपीएलसीच हवी.

जुन्या, ओल धरलेल्या गोळ्यांबाबतही सावध राहा. औषध फुटून तयार होणारं पॅरा-अमिनोफिनॉल यूव्हीत शोषतंच, त्यामुळे फुटलेला थोडासा भाग या आकड्यात लपून राहू शकतो. ९८.३ टक्के म्हणजे पिठात तेवढं यूव्ही शोषणारं द्रव्य आहे. अशुद्धी किती, हे वेगळ्या चाचणीनं बघावं लागतं. आणि २० गोळ्या एकत्र कुटलेल्या असल्यानं एखादी गोळी ४५० ची आणि एखादी ५४० ची असली तरी इथं कळणार नाही.

काम संपलं की क्युवेट लगेच रिकामी करा. अल्कली तशीच राहिली तर क्वार्ट्झचा पृष्ठभाग हळूहळू खाते आणि पुढच्या वर्षी तीच क्युवेट ब्लँक स्थिर राहू देत नाही. डिस्टिल्ड वॉटरनं चार-पाचदा विसळा, टिश्यूवर उलटी ठेवून वाळू द्या, मग डबीत. आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कची बुचं काढून ठेवा, नाहीतर अल्कलीनं ती अशी बसतात की पुढच्या प्रॅक्टिकलला एक तरी फ्लास्क फुटतो.